पाकिटावरचं १८८० कुठून आलं, त्याचा माग

मी कुडाळला असते, एका दैनिकाची जिल्हा बातमीदार म्हणून काम करते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वेंगुर्ल्याकडच्या एका कंपनीची प्रेसनोट आली. आंबापोळी, फणसपोळी, कोकम सरबत असं सगळं करणारी कंपनी, हायवेला नवीन शोरूम काढत होती आणि नोटच्या पहिल्याच ओळीत होतं, "सन १८८० पासून १४५ वर्षांची अखंड परंपरा." कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, कारण पुढे कळेल की त्यांची लबाडी म्हणावी असं काही निघालं नाही.

खरं तर अशी नोट आली की आम्ही दोन ओळी इकडच्या तिकडे करतो आणि लावतो. पण आमच्या डेस्कवर एक जुने सब-एडिटर आहेत, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांचा फोन आला. म्हणाले, "१८८० साली बाटलीबंद सरबत कोण विकत होतं गं? बघ जरा." बस एवढंच. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि तीन आठवडे गेले.

पहिली गोष्ट केली ती सगळेच करतात, कंपनीचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक शोधला. कंपनीने आपल्या लेटरहेडवर, बिलावर हा नंबर छापायचा असतो, २०१३ च्या कंपनी कायद्यातच तसं आहे, त्यामुळे प्रेसनोटच्या तळाला बारीक अक्षरात होताच. एकवीस अक्षरं-आकड्यांचा नंबर असतो, आणि तो वाचता आला की निम्मं काम होतं. ह्यांचा साधारण असा होता, मधले आकडे मी झाकलेत:

```
UxxxxxPN1994PTCxxxxxx
```

पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात लिस्टेड आहे का नाही ते सांगतं, मग पाच आकडे धंद्याच्या प्रकाराचे, मग दोन अक्षरं राज्याची (पुण्याच्या रजिस्ट्रारकडच्या कंपन्यांना एमएचच्या जागी पीएन लागलेलं दिसतं, त्याने घाबरू नका), आणि मग चार आकडे म्हणजे कंपनी नोंदवल्याचं साल. १९९४. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर मास्टर डेटात टाकून बघितलं, तिथेही नोंदणीची तारीख १९९४ चीच.

मी लगेच अण्णांना मेसेज टाकला, "कंपनी १९९४ ची आहे, दावा खोटा." आणि मनात बातमीचं हेडिंग पण तयार!

अण्णांचा रिप्लाय आला तो असा, "किर्लोस्कर ब्रदर्सचं साल बघ. मग बजाज ऑटोचं बघ. मग बोलू."

बघितलं. किर्लोस्कर स्वतःचा इतिहास १८८८ पासून सांगतात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं तिथपासून. पण किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेडच्या सीआयएनमध्ये साल आहे १९२०. कुणी खोटं बोलत नाहीये, धंदा आधी सुरू झाला, लिमिटेड कंपनी नंतर झाली. बजाज ऑटोचं तर त्याहून मजेशीर, आज ज्या कंपनीचं नाव बजाज ऑटो आहे तिच्या सीआयएनमध्ये २००७ आहे. म्हणजे चेतक काय २००७ नंतर आली का? तर नाही, १९४५ ची जी मूळ कंपनी होती तिच्यातून गाड्यांचा धंदा वेगळा काढून नव्या कंपनीत टाकला, नव्या कंपनीला बजाज ऑटो नाव मिळालं आणि जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज झाली. १९४५ त्या होल्डिंग्जच्या नंबरात अजून बसलेलं आहे. म्हणजे सीआयएनमधलं साल हे त्या कागदी कंपनीच्या जन्माचं साल, धंद्याचं नव्हे, आणि दोन्हीत पंचवीस-पन्नास वर्षांचा फरक सहज असू शकतो.

मी हेडिंग खोडलं. जाता जाता, जीएसटीच्या नोंदणीवरून वय काढायला तर अजिबातच जाऊ नका. जुन्या कितीतरी धंद्यांची तिथे तारीख ०१/०७/२०१७ दिसते, कारण जीएसटीच त्या दिवशी सुरू झाला.

मग प्रश्न असा की १९९४ च्या आधी ह्या धंद्याचं रूप काय होतं. त्यासाठी एमसीएच्या पोर्टलवर कंपनीची पब्लिक डॉक्युमेंट्स बघता येतात, एका कंपनीचे शंभर रुपये भरायचे, पण बघायला वेळ ठराविकच मिळतो म्हणून मी आधी सगळं डाउनलोड करून घेतलं आणि वाचत बसले नंतर. पोर्टल २००६ चं, त्यामुळे त्याआधीची कागदपत्रं तिथे असतीलच असं नाही. ह्यांची मूळ १९९४ ची फाइल नव्हती. पण एक युक्ती आहे, कंपनीने नंतर कधी आपलं मेमोरँडम, म्हणजे कंपनी कशासाठी काढली ते सांगणारा मूळ कागद, बदललं असेल तर बदललेलं अख्खं मेमोरँडम त्या फॉर्मला जोडलेलं असतं. ह्यांनी २०११ मध्ये बदललं होतं, आणि त्यात उद्देशांच्या कलमात अगदी पहिलाच उद्देश होता की अमुक अमुक आणि कंपनी ह्या भागीदारी फर्मचा चालू धंदा ताब्यात घेणे. हे वाक्य सापडलं की समजायचं, एक पायरी मागे जायचंय. फर्मचं नाव मिळालं.

भागीदारी फर्मची नोंद रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे असते. आमच्या ओळखीचे एक सीए आहेत, त्यांच्याकडून उतारा काढला. इथे दोन तारखा असतात आणि लोक नेमकी चुकीची उचलतात. एक तारीख असते फर्म रजिस्टर झाल्याची, दुसरी प्रत्येक भागीदाराच्या नावापुढे, तो भागीदारीत कधी आला त्याची. ह्यांची फर्म रजिस्टर झाली १९६३ ला, पण तिच्यातले दोन भाऊ भागीदार झाले ०१/०४/१९६१ पासून. म्हणजे दोन वर्षं फर्म बिननोंदणीची चालू होती, आणि त्यात काही गैर नाही, कारण भागीदारीची नोंदणी सक्तीची नाहीच, नोंद नसेल तर कोर्टात दावा लावताना अडचण होते एवढंच. आणखी एक लक्षात ठेवायचं, भागीदारीचा कायदा १९३२ चा. त्यामुळे "आमची फर्म १८८० ची रजिस्टर्ड आहे" असं ह्या कायद्याखाली कुणी म्हणूच शकत नाही. अर्थात ह्या लोकांनी तसं म्हटलंही नव्हतं. ते म्हणत होते परंपरा.

१९६१ च्या मागे काय? इथे सरकारी नोंदी संपतात. एकट्या माणसाने गल्ल्यावर बसून चालवलेल्या दुकानाला कंपनीसारखं देशभराचं एकच रजिस्टर नाही. त्यामुळे १९६१ च्या आधीचं काही सापडलं नाही म्हणजे १९६१ च्या आधी काही नव्हतं असं म्हणता येत नाही, आणि १८८० ला दुकान होतं असं तर त्याहून म्हणता येत नाही. ह्या भोकातच सगळ्या "सिन्स अमुक" पाट्या राहतात.

तरी एक ठिकाण बाकी होतं, ट्रेडमार्कचं रजिस्टर. ते ऑनलाइन फुकट बघता येतं आणि बातमीदार मंडळी तिथे फारशी जात नाहीत, का ते माहीत नाही. अर्जात एक रकाना असतो, हे नाव तुम्ही कधीपासून वापरताय. ते साल अर्जदार स्वतः भरतो. रजिस्ट्री स्वतःहून चौकशी करून ते ठरवत नाही, पण अर्जदाराने ते सही करून दिलेलं असतं, आणि २०१७ च्या नियमांनंतर आधीपासूनचा वापर सांगायचा तर प्रतिज्ञापत्र आणि सोबत पुरावे लागतात. ह्या कंपनीचे दोन अर्ज सापडले. पहिला १९९६ चा, सरबतांसाठी म्हणजे क्लास ३२ मध्ये, त्यात वापर ०१/०४/१९६० पासून. दुसरा २०१९ चा, क्लास २९ मध्ये, आंबापोळी वगैरेसाठी, आणि त्यात वापर ०१/०१/१८८० पासून!

तेच नाव, तेच मालक, आणि मधल्या तेवीस वर्षांत धंदा ऐंशी वर्षांनी म्हातारा झाला. शिवाय ती एक जानेवारी बघून मला हसू आलं. ज्याला खरी तारीख माहीत असते तो अक्षयतृतीया सांगतो, पाडवा सांगतो, निदान एक एप्रिल तरी सांगतो. एक जानेवारी म्हणजे ऑनलाइन फॉर्मने तारीख मागितली आणि जवळ फक्त साल होतं.

पण खरी उपयोगाची गोष्ट त्या १९९६ च्या अर्जात होती. नाव १९६० पासून आणि फर्म १९६१ पासून, म्हणजे फर्मच्या आधी काहीतरी होतं. तर आता शोधायचं होतं ते १९६० च्या थोडं मागे. १८८० ला जायची गरजच नव्हती.

१८८० ला मी तरीही जाऊन आले, राहवलं नाही. योगायोग असा की मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा दहावा खंड नेमका १८८० सालीच छापला गेला. त्यात वेंगुर्ला बंदराची माहिती आहे, व्यापार आहे, पण एका दुकानाचं नाव असायचं काही कारणच नाही, त्यामुळे तिथे नाव नाही हा पुरावा धरता येत नाही. टाइम्स ऑफ इंडियाच्या जुन्या अंकांचा डिजिटल संग्रह एका मैत्रिणीच्या कॉलेजच्या लायब्ररीतून चाळला, `Vengurla` आणि जुन्या स्पेलिंगने `Vingorla` अशा दोन्ही शब्दांनी, जहाजांच्या बातम्या भरपूर, सरबत नाही. अपेक्षितच होतं.

मग सावंतवाडीच्या एका वाचनालयात गेले. तिथे जुन्या स्थानिक साप्ताहिकांच्या बांधीव फायली आहेत. कुणी कधी अशा फायली चाळल्या असतील त्यांना माहीत असेल, कागद हातात तुटतो, वाळवीने कडा खाल्लेल्या असतात, शिंका येऊन येऊन डोळे लाल होतात, आणि मराठीतलं हे असलं काही स्कॅन केलेलं असलं तरी कॉम्प्युटरला सर्च करता येईल असं नसतं, पानं उलटावीच लागतात. पहिला दिवस मी वाया घालवला. १९५५ पासून एकेक अंक बघायला बसले होते, संध्याकाळपर्यंत १९५६ चा श्रावण पण आला नव्हता.

तिथले ग्रंथपाल म्हणाले, "मॅडम, दुकान उघडलं त्याची बातमी कोण छापतंय? पंचविशी झाली त्याची छापतात."

हे इतकं साधं होतं की मला माझीच लाज वाटली. छोटा धंदा सुरू होतो तेव्हा तो कुणाच्या खिजगणतीत नसतो. तो टिकतो, चार पैसे येतात, मग रौप्यमहोत्सवाची जाहिरात दिली जाते. म्हणून साल शोधायचं तर त्या सालात नाही शोधायचं, त्यात पंचवीस मिळवायचे, पन्नास मिळवायचे आणि तिथे शोधायचं. आणि तेही सगळे अंक नाही, धंदा आंब्याचा तर एप्रिल-मे, गणपती, आणि दिवाळी अंक. १९६० अधिक पंचवीस, १९८५. काही नाही. १९८६, काही नाही. मग मागे सरकले, १९८४, नाही, आणि १९८३ च्या मेच्या एका अंकात शेवटच्या पानावर चौकट. मधोमध संस्थापकांचा फेटा घातलेला फोटो आणि खाली, "ग्राहकांच्या आशीर्वादाने रौप्यमहोत्सवी वर्षात पदार्पण." खाली दोन भावांची नावं, तीच, फर्मच्या उताऱ्यातली.

पदार्पण म्हणजे चोवीस पूर्ण होऊन पंचविसावं लागलं की पंचवीस पूर्ण झाली, हा आपल्याकडचा कायमचा घोळ. पंचविसावं लागलं असेल तर १९५९, पंचवीस भरली असतील तर १९५८. जाहिरातीचा मोबाइलवर फोटो काढला, अंकाची तारीख आणि पान क्रमांक दिसेल असा दुसरा फोटो काढला (हा नंतर फार लागतो, नुसत्या जाहिरातीच्या फोटोला कुणी विचारत नाही), आणि घरी आले.

आता गंमत ऐका. रात्री सहज म्हणून मी आमच्याच दैनिकाच्या जुन्या पानांमध्ये कंपनीचं नाव टाकलं. २००८, आतलं पान, दोन कॉलम फोटोसकट, "सुवर्णमहोत्सव उत्साहात". आमच्याच पेपरात! सतरा वर्षांपूर्वी आम्हीच त्यांची पन्नाशी छापली होती आणि आता एकशे पंचेचाळिशी छापायला निघालो होतो. हे आधी बघितलं असतं तर शिंका वाचल्या असत्या. अण्णांना सांगितलं नाही बरेच दिवस.

२००८ वजा पन्नास, १९५८. दोन्ही जुळलं.

कुणी म्हणेल की जाहिरात तरी कुणी दिली, त्यांनीच ना, मग ती का खरी मानायची आणि पाकीट का नाही. बरोबर आहे, दोन्ही त्यांचंच म्हणणं. पण १९८३ ला ज्याने दुकान काढलं तो माणूस जिवंत होता, फोटोत बसला होता, आणि धंदा जेवढा जुना दाखवाल तेवढं बरं असताना त्याने पंचवीसच वर्षं सांगितली. हातात शंभर वर्षं असताना कुणी पंचवीस सांगत नाही.

एवढं घेऊन मी मालकांना फोन केला. बातमी छापायच्या आधी समोरच्याचं म्हणणं घ्यायचंच असतं, आणि मला खरंच कळत नव्हतं की १८८० आलं कुठून. हवेतून कुणी साल काढलं तर ते गोल काढतं, १९०० काढेल, किंवा शताब्दीला जुळेल असं काढेल. १८८० चा काहीतरी उगम असणार.

मालक म्हणजे संस्थापकांचे नातू, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, बोलायला चांगले. म्हणाले, "या ना, पुरावाच दाखवतो." ऑफिसात भिंतीवर फ्रेम केलेलं जुनं लेबल होतं, पिवळं पडलेलं, कोकमाच्या फांदीचं चित्र. "हे बघा, आजोबांच्या वडिलांच्या काळातलं."

मी जवळ जाऊन वाचलं. खालच्या ओळीत वजन ग्रॅममध्ये होतं. किंमत पैशांत होती, आणे नव्हते. कोपऱ्यात एफपीओ लायसन नंबर. आणि पत्त्यात जि. रत्नागिरी, पिनकोड नाही.

म्हटलं, "दादा, हे लेबल फार छान आहे, पण हे १८८० चं असू शकत नाही." आणि मग एकेक दाखवलं. शंभर पैशांचा रुपया झाला एप्रिल १९५७ ला, त्याआधी रुपयाचे सोळा आणे. ग्रॅम-किलो त्याच सुमाराला आले, त्याआधी शेर-तोळे नाहीतर पौंड. एफपीओ म्हणजे फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डर १९५५ ची. हे झालं एका बाजूने. दुसऱ्या बाजूने, सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, त्याआधी वेंगुर्ला रत्नागिरी जिल्ह्यातच, म्हणजे लेबल त्याआधीचं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले, पण ते लोक लगेच छापायला लागले असं नाही, म्हणून त्यावर मी भर दिला नाही. म्हणजे लेबल १९५७ ते १९८१ मधलं कधीतरी, बहुतेक साठच्या दशकातलं. ट्रेडमार्कच्या पहिल्या अर्जातल्या १९६० शी ते चांगलं जमतं.

ते गप्प झाले. रागावले नाहीत, पण चेहरा उतरला. मग म्हणाले, "पण बोर्डावर १८८० आहे हो. बोर्ड मी लहानपणापासून बघतोय."

बोर्ड कुठेय? मूळ बोर्ड मागच्या गोडाऊनमध्ये, कोकमाच्या पिंपांमागे. शोरूमला लावलेला आहे तो त्याची कॉपी, आर्टिस्टने रंगवलेला. आम्ही दोघांनी मिळून तो बाहेर काढला. फणसाची फळी असावी, जड होती. वर दुकानाचं नाव, खाली मालकांचं नाव, आणि तळाशी उजव्या कोपऱ्यात आकडे, देवनागरीत, १८८०. स्पष्ट होते. मला क्षणभर वाटलं आता काय करायचं.

मी ओला फडका मागितला आणि आकड्यांच्या डावीकडची धूळ पुसली. तिथे आणखी एक अक्षर होतं, रंग जवळपास गेलेला, नुसती खाच राहिलेली. "श" आणि पुढे टिंब.

श. १८८०.

शके! इसवी सन नाही, शके. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की सन येतो, पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत अठ्ठ्याहत्तर आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत एकोणऐंशी. १८८० अधिक ७८, १९५८. मी तिथेच गोडाऊनमध्ये मोबाइलवर बेरीज केली, जी मला तोंडी येते, तरी केली.

मालकांना पटलं पण पचलं नाही. म्हणाले, आईला विचारू. आई म्हणजे संस्थापकांच्या सूनबाई, वय पंच्याऐंशीच्या पुढे, घराच्या पडवीत बसल्या होत्या. त्यांनी दोन मिनिटांत निकाल लावला. "गो बाय, ह्यां दुकान माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षाक घातलेलां. तेच्याआधी मामंजी मुंबयत गिरणीत होते." मी विचारलं, लग्न कधी झालं? साल त्यांना सांगता येईना, वैशाखात झालं म्हणाल्या, आणि "पत्रिका आसा" म्हणून मुलाला आत पाठवलं. नुसत्या माणसाच्या आठवणीवर मी साल ठरवत नाही, सगळेच आपल्या सोयीने आठवतात, पण पत्रिका म्हणजे छापील कागद. देवघरातल्या डब्यातून निघाली, हळदीचे डाग तसेच. त्यावर दोन्ही होतं, वैशाख शके १८८१ आणि पुढे मे १९५९. आदलं वर्ष म्हणजे शके १८८०.

म्हणजे घरात एकाच कागदावर दोन्ही कालगणना शेजारीशेजारी छापलेल्या पडल्या होत्या आणि कुणी बोर्डाशी लावून बघितलं नव्हतं. नंतर उलगडत गेलं ते असं की २०१७-१८ ला पॅकिंग नवं केलं तेव्हा मुंबईच्या डिझायनरने "तुमची काही हेरिटेज आहे का" म्हणून विचारलं, ह्यांनी बोर्डाचा फोटो पाठवला, फोटोत श दिसत नव्हता, त्याने सिन्स १८८० केलं. घरच्यांना २००८ ची पन्नाशी आठवत नव्हती का? आठवत होती. मालक म्हणाले, "आम्हाला वाटलं पन्नाशी ती फॅक्टरीची, दुकान त्याच्या आधीचं असेल. आजोबा गेल्यावर विचारणार कुणाला?" आई पडवीतच बसलेली होती, पण ते मी बोलले नाही. आणि २०१९ चा ट्रेडमार्कचा अर्ज पाकिटावरून बघून भरला गेला, हे उघडच होतं.

बातमी लिहिताना अण्णांनी एकेक शब्द तपासला. "स्थापना" हा शब्द एकटा कुठेही येऊ दिला नाही, कारण त्याचे चार अर्थ निघत होते. छापलं ते असं की दुकान १९५८ मध्ये सुरू झालं, सरबताचं नाव १९६० पासून वापरात असल्याचं कंपनीने ट्रेडमार्कच्या अर्जात म्हटलं आहे, भागीदारी १९६१ ची आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनी १९९४ ची. १९५८ ला आम्ही आधार दिला तो बोर्ड आणि १९८३ ची जाहिरात ह्या दोन्हींचा मिळून, नुसत्या बोर्डाचा दिला नाही, कारण बोर्ड कधी रंगवला ह्याला काही पुरावा नाही, तो नंतर बनवून जुनं साल घातलेलं असू शकतं. आईंचं म्हणणं त्यांच्या नावाने घातलं, पत्रिकेतलं लग्नाचं साल मात्र त्यांनीच नको म्हटलं, "माझा वय पेपरात कित्याक?"

पाकिटांचं काय? ते म्हणाले, छापलेला रोल अजून तीन-चार महिने पुरेल एवढा पडलाय, फेकला तर लाखभराचं नुकसान. तो त्यांचा प्रश्न, मी त्यात पडले नाही. ट्रेडमार्कच्या अर्जाबद्दल मात्र वकिलाला लगेच दाखवा म्हटलं, कारण उद्या कुणी त्या नावावरून भांडायला उभं राहिलं तर खोटी तारीख हीच त्यांच्या विरोधात पहिली वापरली जाईल.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, नवीन डिझाइन करतोय म्हणून.

"मॅडम, एक विचारू? 'शके १८८० पासून' असं मोठ्या अक्षरात छापलं तर चालेल ना? खोटं तर नाही ते."

म्हटलं, खोटं नाही. पण तो श बोर्डावरच्यापेक्षा जरा मोठा काढा.